मधली वर्षं

वहिनी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होत्या. आता पुन्हा नोकरी शोधत होत्या. नणंदेने त्यांच्या प्रोफाइलचा मजकूर एआयकडून झटपट लिहून घेतला: ‘परिणामाभिमुख वस्त्रतज्ज्ञ, मधल्या काळात स्वतंत्र सल्लागार.’

“सल्लागार? कुणाची गं?” वहिनी भडकल्या.

“रिकामी वर्षं बरी दिसत नाहीत,” नणंद म्हणाली.

“रिकामी?” वहिनींनी लॅपटॉप ओढला, सगळं पुसलं आणि बोलतात तसं लिहिलं: ‘मी कापड कापते. कितीही थर लावा, खालचा तुकडा वरच्यासारखाच निघतो. मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून काम सोडलं. त्यांचं करायला दुसरं कोणी नव्हतं.’

“बघ गं, काही चुकलंय का?”

सासूबाईंच्या लेकीने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मान वर न करता म्हणाली, “नाही.”