जाहीर आभारातले एक वाक्य

कार्बोलिकचा वास नाकात एकदा शिरला की तो कपड्यांतून निघतो, पण मनातून निघत नाही. धुळ्याच्या त्या दवाखान्यातून गोदाला घेऊन मी सर्व्हिस मोटारीने नंदुरबारला परतलो तेव्हा फाल्गुन सरत आला होता, रस्त्याच्या दुतर्फा पानगळ झालेली झाडे उघडीवाघडी उभी होती, आणि वखारींच्या आवारात वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका गावाबाहेरूनच घशाला लागत होता. एरवी त्या ठसक्याने गोदा खो खो हसायची. त्या दिवशी तिने पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हाताने पोट दाबून धरले, कारण खोकला आला असता तर टाके ताणले गेले असते.

गोदा माझी धाकटी बहीण, धानोऱ्याला दिलेली. पहिलटकरीण म्हणून रीतीप्रमाणे माहेरी आली आणि दोन दिवस कळा देऊन अडली. मूल आडवे होते. धुळ्याला पोचेपर्यंत ते गेले होते आणि गर्भाशय फाटले होते. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून शांतपणे सांगितले, की ते काढल्याखेरीज बाई वाचणार नाही, आणि काढल्यावर पुन्हा मूल होणार नाही. तिचा नवरा शंकरराव तिथून चाळीस मैलांवर होता. कागदावर सही मी केली. तो आला पाचव्या दिवशी. मूल गेल्याचे आणि पोटाचे ऑपरेशन झाल्याचे त्याला कळले. त्यापुढचे सांगायला माझी जीभ रेटली नाही. गोदाला शुद्ध आल्यावर मी सगळे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “त्यासले मी सांगसू. तू नको सांगू.”

आम्ही घरी येऊन आठवडा होतो न होतो तोच तिच्या सासऱ्यांचा निरोप आला: साप्ताहिकात जाहीर आभार छापा, चार लोकांत बरे दिसते. त्या काळी तशी पद्धतच होती. दवाखान्यातून माणूस जिवंत परतले की डॉक्टरांचे आभार छापून यायचे, आणि गावच्या चावडीवर ते मोठ्याने वाचले जायचे. मी शाळामास्तर, वर भाषेचा गर्व. असा मजकूर लिहायला मला कोणी सांगावे आणि मी लेखणी आवरावी, हे होणे नव्हते.

पहिला मसुदा मी दीड तासात लिहिला आणि स्वतःवरच खूश झालो. त्यात ‘विदीर्ण गर्भाशय’ होते, ‘मृत अर्भक’ होते, ‘साडेतीन तासांची अतिबिकट शस्त्रक्रिया’ होती, क्लोरोफॉर्म होता, टाक्यांची संख्यासुद्धा होती. डॉक्टरांचे कौशल्य लोकांना कळायचे तर आजाराची भीषणता कळायला नको का, असा माझा युक्तिवाद. मी तो माजघरात गोदाला वाचून दाखवला. बाजेवर पडलेली ती कोपरावर उठली.

“दादा, आभार मानी ऱ्हायना का मन्हं पोट आख्खा गावले दखाडी ऱ्हायना?”

मला राग आला, खरे सांगायचे तर. लिहिणाऱ्याचा राग फार क्षुद्र असतो. तो आपल्या विशेषणांसाठी भांडतो. पण तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती भीती कशाची हे मला पक्के ठाऊक होते. सासरी शेतीवाडी होती, वंशाला दिवा हवा होता. चावडीवर गर्भाशयाचे ते वाक्य वाचले गेले असते तर नवऱ्याला बायकोच्या आधी गावाने सांगितले असते, आणि दुसरी सोयरीक गोदा घरी पोचण्याआधीच ठरली असती.

मग मी खोडायला बसलो. अवयवाचे नाव गेले, अर्भक गेले, तास आणि टाके गेले. मला वाटले झाले. पण आजार नुसत्या नावात राहत नाही, तो आजूबाजूच्या शब्दांत दबा धरून बसतो. नर्स सुंदराबाईंच्या नावापुढे मी ‘बाळंतपणाच्या वॉर्डातील’ लिहिले होते, तेही गेले. ‘एकवीस दिवस’ लिहिले होते. हिशेबी बायका दिवसांवरून आजार ओळखतात, म्हणून ‘काही दिवस’ केले. नावे छापू का, हे डॉक्टरांना विचारायला पत्र लिहिले तेही बंद पाकिटात, कारण कार्ड पोस्टमास्तरपासून शिपायापर्यंत सगळे वाचतात. उत्तर आले: माझे नाव खुशाल छापा, सुंदराबाईंचीही हरकत नाही, मी त्यांना विचारले, आजाराबद्दल मात्र तुमच्या बहिणीला विचारा, मला नव्हे.

दुसरा मसुदा गोदाला वाचून दाखवला. त्यात रोगाचा एकही शब्द नव्हता. शेवटी मंगल काही असावे म्हणून, आणि बहिणीला धीर यावा म्हणून, मी एक वाक्य घातले होते: ‘यापुढे असा प्रसंग तिच्यावर कधीही येणार नाही, अशी व्यवस्था डॉक्टरसाहेबांनी केली आहे.’

ते वाक्य गोदाने मला पुन्हा वाचायला लावले. मग तिने विचारले, “कधीच येवाव नही, हाई कसं सांगता येस? कोनी इचारं तं?”

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. साऱ्या वैद्यकीय शब्दांना हद्दपार करून मी मूळ गोष्ट तेवढी स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवली होती, आणि तीही प्रेमापोटी. मी कागद फाडला.

“मंग काय लिखू?” मी चिडूनच विचारले. “लिखाले काय उरनं?”

“सुंदराबाईनी मन्हा हात धरेल व्हता,” ती म्हणाली. “पानी देवानी मनाई व्हती, तं ओला कापूस व्हठले लावे. ते लिख.”

तिसरा मसुदा पाच ओळींचा झाला. ‘माझी धाकटी बहीण गंभीर आजारी असता डॉक्टरसाहेबांनी शस्त्रक्रिया करून तिचे प्राण वाचविले. नर्स सुंदराबाई व त्यांच्या सहकारी भगिनींनी तहानेच्या वेळी ओल्या कापसाने तिचे ओठ भिजविले, कूस बदलताना आधार दिला, आणि भीतीच्या वेळी तिचा हात सोडला नाही. आम्ही सर्वजण त्यांचे ऋणी आहोत.’ संपादकांनी उलट सुचवले, शस्त्रक्रिया कोणती ते घातले तर मजकूर उठावदार होईल. मी कळवले, जसाच्या तसा छापा. तसाच छापला गेला. चावडीवर वाचला गेला. सासरे म्हणे जरा हिरमुसले, की यात विशेष काहीच नाही.

चैत्रात शंकरराव तिला न्यायला आला. अंगणातल्या कडुलिंबाला मोहोर आला होता आणि त्याच्या कडवट गोड वासात मी तिला गाडीत बसवले. त्यानंतर कधीतरी तिने नवऱ्याला सांगितले. वर्षभराने घरात दुसरी आली. माझ्या साऱ्या काटछाटीने तिचा संसार वाचला नाही, हे मी आजही स्वतःपासून लपवू शकत नाही. कधी वाटते, मी फक्त एक वर्ष लांबवले. कधी वाटते, एका माणसापासून त्याचे सत्य इतके दिवस दडवण्यात मीही सामील होतो.

पुढे दिवाळीला ती आली तेव्हा मी हे सारे भडाभडा बोललो. ती तांदूळ निवडत होती. सुपातला खडा काढून बाजूला टाकत ती म्हणाली, “त्यासनी मन्हा तोंडथीन आयकं, दादा. मी सांगं तवय त्या रडनात. पेपरमा वाचतात तं मन्हासमोर रडतात का?”

शंकरराव रडला होता, हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. ती सूप पुन्हा उचलून पाखडायला लागली.