दोन नकाशांतलं एकच घर

भट्टीचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या त्या कारखान्यात डिझाइन करणाऱ्या बाईंना सगळे नकाशेबाई म्हणायचे. चौकटींचे के-मॅप, म्हणजे सर्किट आखायचे नकाशे, काढून काढून ते नावच पडलं. बाईंना खोड एकच, गेट, म्हणजे चिपमधले इशारे जुळवणारे छोटे भाग, वाचवायची. जास्तीचं गेट दिसलं की जीव नुसता खालीवर!

त्या बोर्डाला तीन सेन्सर आणि कामं दोन: पंखा चालवणं आणि धोक्याची घंटा वाजवणं. दोन कामांचे दोन नकाशे, सेन्सरच्या ज्या स्थितीत ते काम व्हायला हवं तिचं घर भरायचं; प्रत्येकात तीन घरं भरलेली. एका घेऱ्याला एक अँड गेट, सगळे इशारे एकदम आले तरच चालणारं. नेहमीसारखी शेजारची घरं जोडली तर नकाशामागे दोन, म्हणजे चार अँड गेट लागत होती. चिपमध्ये तीनच. बाईंनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. तिन्ही सेन्सर एकदम लागल्याचं घर दोन्हीकडे होतं. ते त्यांनी दोन्हीकडे एकटंच घेरलं. एकेकट्या नकाशात हा शुद्ध वेडेपणा, पण आता तेच एक गेट पंख्यालाही पुरत होतं आणि घंटेलाही. चाराची तीन झाली. साहेबांनी पाठ थोपटली आणि बाई आठवडाभर हवेत होत्या.

ड्रॉइंग मात्र दोन कागदांवर होतं, पंख्याचं वेगळं, घंटेचं वेगळं. गेट दोन्हींवर काढलेलं. ते एकच आहे, हे लिहायचं राहून गेलं.

पुढे गिऱ्हाइकाचा निरोप आला, "तिन्ही सेन्सर लागले की पंखा नको, आग भडकते." फिटरकाकांनी पंख्याचा कागद पाहून ते गेट शोधलं आणि त्याच्या तोंडाशीच, पंखा आणि घंटेचे फाटे फुटण्याआधीच, वायर तोडली. पंखा तपासला. घंटेला हातच लावला नव्हता, तर ती कशाला तपासतील? गिऱ्हाइकाकडच्या भट्टीत खरोखर आग भडकली तेव्हा घंटा मुकी राहिली आणि एका कामगाराचे दोन्ही हात भाजले.

निवृत्तीला तीन महिने उरलेल्या काकांना चौकशीत घरी बसवलं. बाईंना पहिल्याच दिवशी सगळं उमगलं होतं. उद्या सांगते, उद्या सांगते, असं करत चार दिवस तोंडाला कुलूप. मेलं ते कौतुक, सोडवेना त्यांना!

पाचव्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे दोन्ही नकाशे ठेवले.

"गणित तर बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"गणित बरोबरच आहे. गेट सामाईक आहे हे मी लिहिलं नाही. काकांची चूक नाही."

तिथून त्या तडक काकांच्या घरी गेल्या आणि दारातच उभ्या राहून सगळं सांगून टाकलं.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्या दिवशी."

"मी रोज दवाखान्यात जात होतो गं, त्या पोराचे पाय धरायला," काका म्हणाले आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं.