गडचांदूरच्या लॉजकडून नम्र दिलगिरी

गडचांदूरला आमचं लॉज होतं. तिथं राहून गेलेल्या एका साहेबांनी इंटरनेटवर सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं: खोलीत रात्रभर ट्रकांचा आवाज, नाश्ता यायला तासभर. वाचून माझं डोकंच फिरलं. हा माणूस सिमेंट कारखान्याच्या हेड ऑफिसातून आला होता. दारासमोरून जाणारे ट्रक त्याच्याच कारखान्याचे, आणि सकाळी आमची दूध-पावाची गाडी अडकली तीही त्याच ट्रकांच्या रांगेत.

"जाऊ दे न, काऊन डोस्कं तापवून राह्यली?" नवरा म्हणाला.

मी जिभेवर साखर ठेवून तक्रारीखाली उत्तर लिहिलं: "आदरणीय साहेब, गैरसोयीबद्दल मनापासून क्षमस्व. ते ट्रक आपल्याच कारखान्याचे असल्यामुळे आपली तक्रार छापून, आपल्या नावानिशी, तिथल्या मॅनेजरसाहेबांच्या हातात दिली आहे. पुन्हा अवश्य या."

दोन दिवसांत त्यानं तक्रार काढून टाकली. तिच्यासोबत माझं उत्तरही गेलं. पण दोन्हीची एक प्रत मी आधीच छापून ठेवली होती. ती फ्रेम करून जेवणाच्या खोलीत लावली. नाश्त्याला उशीर झाला, की गिऱ्हाईक तीच वाचत बसायचं.