चुकीच्या कोर्टातले महिने

रत्नागिरीत ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो, त्यांचा दावा मुदतीबाहेर गेल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. पक्षकार आला की त्याची कहाणी ऐकण्याआधी ते एकच विचारायचे, "हे कधी घडलं?" उत्तर मिळाल्यावरच बसायला सांगायचे. पुढे मी देवरूखच्या कोर्टात स्वतंत्र काम सुरू केलं, तेव्हा ही सवय माझ्याबरोबर आली.

एका चैत्रात दुपारच्या सर्व्हिस मोटारीने एक विधवा बाई माझ्याकडे आली. गुरूंनी तिला पाठवलं होतं. तिच्या हातात त्यांनीच लिहिलेली दाव्याची अर्जी होती आणि अर्जीच्या पाठीवर रत्नागिरीच्या कोर्टाचा शेरा होता: जमीन या कोर्टाच्या हद्दीत नाही, सबब योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत. तारीख आदल्या दिवसाची होती.

बाईची हकिकत साधी होती. रत्नागिरी आणि संगमेश्वर तालुक्यांच्या शिवेवर तिची जमीन. नवऱ्यामागे ती स्वतः कसायची. मिरगाच्या तोंडावर तिचा चुलतदीर चार गडी घेऊन आला, कडेचा एक तुकडा नांगरला आणि तिला पुन्हा आत पाऊल टाकू दिलं नाही. गावचे जाणते "मिटवून देतो, थांब" म्हणत राहिले आणि ती थांबली. भात कापून दिराच्या अंगणात गेलं तेव्हा ती रत्नागिरीला गुरूंकडे गेली.

अशा वेळी कायद्याने एक सोपी वाट ठेवलेली होती. मालक कोण हे न विचारता, ज्याला जबरीने हुसकलं त्याचा ताबा कोर्ट परत देई. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत आणावा लागे. बाई गुरूंकडे गेली तेव्हा त्यातले जेमतेम काही दिवस उरले होते. गुरूंनी मुदतीत दावा दाखल केला. साडेचार महिने तो चालला, आणि मोजणीत निघालं की तो तुकडा पलीकडच्या, संगमेश्वर तालुक्यातल्या गावच्या नंबरात, म्हणजे देवरूखच्या कोर्टाच्या हद्दीत आहे.

सरळ हिशेब केला तर सहा महिने मार्गशीर्षातच संपले होते. पण चुकीच्या कोर्टात जो वेळ प्रामाणिकपणे आणि झटून दावा चालवण्यात गेला, तो कायदा मुदतीतून वगळतो. दाखल केल्याचा दिवस आणि परत मिळाल्याचा दिवस, दोन्ही वगळण्यात धरतात. त्या हिशेबाने आमच्या हाती अजून ते उरलेले दिवस होते. मी दुसऱ्याच दिवशी दावा दाखल केला. मुदत कोणत्या कारणाने वाढते हे अर्जीतच लिहावं लागतं, म्हणून त्याचा एक परिच्छेद नव्याने घातला.

समोरच्या वकिलांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं होतं की पुरेशी काळजी न घेता केलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने प्रामाणिक ठरत नाही. तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला जमीन कोणत्या तालुक्यात आहे हे कळू नये, हा निष्काळजीपणाच. तो वेळ वगळू नये आणि दावा काढून टाकावा.

मी गुरूंना भेटायला रत्नागिरीला गेलो. बाईही आली होती. काळजी घेतली होती हे शाबीत करायला साक्ष लागणार, आणि ती कुणाची हे मला उघड दिसत होतं, पण तोंडातून निघेना. बाईनेच कोंडी फोडली. ती म्हणाली, "मी सांगतंय ना, मीच चुकीचा सांगितला म्हणून. तुमी कशाला पिंजऱ्यात उभं ऱ्हायचं?"

गुरू तिला म्हणाले, "तू मला काहीच चुकीचं सांगितलं नाहीस. हद्द कुठली ते मी ठरवलं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साक्षीदारांच्या यादीत माझं नाव घाल, आणि मला समन्स काढ. आपणहून आलो असं दिसायला नको." वकीलमंडळींत यावरून काय बोललं जाईल, असं मी चाचरत विचारलं. ते म्हणाले, "जे झालं तेच बोलतील."

तारखेला देवरूखच्या कोर्टात बसायला जागा नव्हती. आसपासचे वकील मुद्दाम आले होते. ज्यांनी मला सरतपासणी शिकवली त्यांचीच सरतपासणी मला घ्यायची होती. शपथ झाली. मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले. दावा लिहिण्याआधी ते स्वतः जागेवर गेले होते. बाईच्या सगळ्या जमिनीचा सारा रत्नागिरी तालुक्यातल्या गावात भरला जाई, त्या पावत्या त्यांनी पाहिल्या होत्या. पोलीसपाटलाला आणि दोन म्हाताऱ्यांना विचारलं होतं. नकाशाही पाहिला होता. नकाशात पऱ्या, म्हणजे लहान ओढा, हीच शीव दाखवली होती.

"मग चूक कुठे झाली?" मी विचारलं.

"जागेवर पऱ्ये दोन आहेत," ते म्हणाले. "तुकडा त्या दोहोंच्या मध्ये आहे. नकाशातला पऱ्या रत्नागिरीकडचा होता, मी देवरूखकडचा धरला. चूक माझी आहे, पक्षकाराची नाही."

आवाज जराही खाली आला नव्हता. जज्जसाहेबांनी ते उत्तर लिहून घेतलं आणि मी पुढचा प्रश्न विचारला.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं की मोजणी आधीच का मागवली नाही. गुरू म्हणाले की मोजणीला महिने लागतात आणि मुदतीचे दिवस थोडे होते; वाट पाहिली असती तर दावाच बुडाला असता. वकिलांनी कागद चाळले आणि ते खाली बसले.

नंतर मी आणखी एक गोष्ट जज्जसाहेबांच्या नजरेला आणली. रत्नागिरीच्या दाव्यात दिराने पहिली लेखी कैफियत दिली तेव्हा हद्दीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तिथे जन्मलेल्या माणसालाही तो तुकडा रत्नागिरीतला वाटत होता. मोजणी आल्यावर मग त्याने हरकत घेतली.

निकाल पंधरा दिवसांनी झाला. जज्जसाहेबांनी लिहिलं होतं की वादीच्या वकिलांनी वाजवी काळजी घेतली होती, चूक प्रामाणिक होती, आणि आधीच्या कोर्टात गेलेला सगळा वेळ वगळला की दावा मुदतीत आहे. ताब्याचा पुरावा भक्कम होता. हुकूमनामा बाईच्या बाजूने झाला. या तऱ्हेच्या दाव्याला अपील नसतं; दिराला मालकी सांगायची असली तर वेगळा दावा करावा लागणार होता. तो त्याने कधी केला नाही. पाऊस लागायच्या आत बेलीफाने बाईला तुकड्यात उभं केलं, आणि तिने त्याच दिवशी बांध घातला.

रत्नागिरीच्या वकीलमंडळींत काही दिवस बोलणं झालंच. एकदोघे हसलेही. पण त्याच वर्षी एका मोठ्या घराण्याचा दावा गुरूंकडे आला. घरातल्या वडीलधाऱ्याने मला सांगितलं, "चूक झाली तर हे लपवणार नाहीत, एवढं पुरे आहे आम्हाला."

मी पुढे बरेच दावे जिंकले. काहींत माझं नाव मोठं झालं. पण तुमच्या वकिलीतला अभिमानाचा दिवस कोणता असं कुणी विचारलं, तर मी देवरूखची ती तारीख सांगतो. त्या दिवशी मी फक्त प्रश्न विचारले होते.