विपुल राजपुऱ्यात काय मागायला गेला

विपुल पाटील शाहपूरचा. घरची केळीची बाग होती, पण तो स्वतः केळीची रोपं तयार करणाऱ्या एका नर्सरीत सुपरवायझर होता. शेतकऱ्यांच्या मातीचे नमुने तपासायला देणं हे त्याचंच काम. बुऱ्हाणपूरच्या माती तपासणी प्रयोगशाळेत प्राजक्ता कुलकर्णी बसायची. पहिल्याच खेपेला तिनं त्याच्या सात पिशव्या परत केल्या, कारण कोणती माती कुठल्या शेतातली हे त्यानं लिहिलंच नव्हतं. तिथून ओळख झाली. तीन वर्षांत ती इतकी पुढे गेली, की लग्नानंतर राहायचं कुठे, तिनं नोकरी चालू ठेवायची का, हे सगळं दोघांचं बोलून झालं होतं.

राहिलं होतं ते घरच्यांना सांगणं.

त्यानं आधी आपल्या घरी सांगितलं. आई, धुरपदाबाई, म्हणाली, "ते बामनाचे लोक. ते देतीन का?" वडील उखर्डू पाटील म्हणाले, "पोरानं सोता मागायचं नसतं. मागनी आपली मोठी मानसं घालतात. मी जातो, कौतिकमामाले संगे नेतो."

"पण बाबा, ते मला ओळखतच नाहीत. एकदम तुम्ही दोघं दारात उभे राहिलात तर?"

उखर्डू विचारात पडले. "मग तू आधी जाय. पन मागनी घालू नको."

मागणी घालायची नाही, तर जाऊन म्हणायचं काय? विपुलला हे काही उमगेना.

नर्सरीतला मित्र अक्षय म्हणाला, "सिंपल है यार. अंकल, मला तुमच्या मुलीचा हात पाहिजे." विपुलनं ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. प्राजक्ता म्हणाली, "हात वगैरे नको. बाबा मराठीचे शिक्षक होते, शब्द धरून बसतात. परवानगी पण नको म्हणू, मी काय वस्तू आहे? आशीर्वाद म्हण." अक्षयला वाटलं की आशीर्वाद म्हटलं तर म्हातारा चिडेल, सगळं ठरवून आलात आणि आता पाया पडता, असं म्हणेल. विपुलनं मोबाइलमध्ये चार वेगवेगळी वाक्यं लिहिली आणि चारही पुसली.

आई-बाबा दोघंही घरी असतील अशी रविवारची सकाळ प्राजक्तानंच ठरवली. 'विपुलला तुमच्याशी बोलायचंय' एवढं तिनं घरी सांगून ठेवलं आणि स्वतः मैत्रिणीच्या बुधवाऱ्यातल्या दुकानात जायचं ठरवलं. "मी असले तर आई तुझं ऐकणार नाही, माझ्या तोंडाकडे बघत बसेल." रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून विपुल मावा जिलेबी घेणार होता, पण धुरपदाबाईंनी अडवलं. "गोड नेलं म्हंजे ठरलं असं होतं. केळी ने."

राजपुऱ्यातल्या घराचं दार प्राजक्ताच्या वडिलांनी, विनायकरावांनी उघडलं. तिच्या आईनं, मालतीबाईंनी पाणी दिलं, केळ्यांची फणी आत ठेवली आणि त्याही येऊन बसल्या. चहा झाला. यंदाच्या उन्हाचं बोलणं झालं.

"काका, काकू," विपुल म्हणाला, "प्राजक्ता आणि मी तीन साल से... तीन वर्षांपासून एकमेकांना ओळखतो. आम्हाला लग्न करायचं आहे. म्हणजे, करावं असं वाटतं. माझ्या घरी माहीत आहे. रीतसर मागणी घालायला आई-बाबा येतील, पण त्याच्या आधी मला स्वतः तुमच्याशी बोलायचं होतं. तुमची परवानगी... आशीर्वाद पाहिजे."

दोन्ही शब्द एकदमच बाहेर पडले.

विनायकरावांनी चष्मा काढला. "यातलं नेमकं काय?"

"जी?"

"परवानगी मागितलीस तर मी नाही म्हणू शकतो. आशीर्वाद मागितलास तर तुमचं ठरलेलं आहे, मी फक्त हात वर करायचा. मी काय करावं अशी तुझी अपेक्षा आहे?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. त्यामुळे विपुल आणखीच गोंधळला. पाठ केलेलं काहीही आठवेना.

"काका, मला ते दोन शब्द नीट वेगळे करता येत नाहीत," तो म्हणाला. "लग्न करायचं की नाही, ते प्राजक्ता ठरवणार. तिथं मी तुम्हाला विचारत नाही. पण ती हो म्हणेल तेव्हा तुम्ही तिच्या पाठीशी असावं, असं मला वाटतं. तिलाही वाटतं. तुम्हाला माझ्यात, माझ्या घरात काही खटकत असेल तर ते मला सांगा. मागून तिला एकटीला नका सांगू. आणि आजच उत्तर द्या असं माझं म्हणणं नाही."

मालतीबाईंनी विचारलं, "ती हो म्हणेल तेव्हा, म्हणजे? तिनं अजून हो म्हटलं नाही?"

"म्हणजे, बोलणं सगळं झालंय काकू. राहायचं कुठे, नोकरी..."

"ते कळलं. लग्न करशील का, असं विचारलंस का तिला?"

विपुलनं आठवून पाहिलं. प्रयोगशाळेच्या बाहेरचा चहा, मोटारसायकल, फोन. तीन वर्षांत ते वाक्य कुठेच नव्हतं. दोघांनीही ते धरूनच चाललं होतं.

"नाही विचारलं."

"मग आमच्याकडे आधी कसा आलास?"

आधी आलो म्हणजे मान दिला, असंच तो आतापर्यंत समजत होता.

विनायकराव म्हणाले, "खटकतं ते सांगतो. समाज वेगळा आहे. माझा थोरला भाऊ बोलणं टाकेल, हे मला आजच माहीत आहे. तुझं माणूस म्हणून काही खटकलं नाही, पण मी तुला तासाभरापासूनच ओळखतो. मला आठ दिवस दे."

विपुलनं वाकून दोघांना नमस्कार केला. मालतीबाई "सुखी राहा" म्हणाल्या. हे कोणीही नमस्कार केला की म्हणतात, की हाच तो आशीर्वाद, हे काही त्याला ठरवता आलं नाही.

बुधवाऱ्यात प्राजक्ता मैत्रिणीच्या दुकानाबाहेर उभीच होती. "काय झालं?"

"माहीत नाही."

"हो म्हणाले का नाही म्हणाले?"

"बाबा आठ दिवस म्हणाले. आई म्हणाल्या, मी तुला विचारलंच नाही."

"काय विचारलं नाही?"

समोरून एक रिक्षा हॉर्न देत गेली. ती जाईपर्यंत तो थांबला. "माझ्याशी लग्न करशील का?"

प्राजक्ताला आधी हसू आलं, मग ते थांबलं. "हे मला कोणी विचारेल असं वाटलंच नव्हतं," ती म्हणाली. मग वाकून चपलेचा निसटलेला पट्टा नीट केला. "हो," ती म्हणाली. "पण बाबांना आठ दिवस लागणार असतील तर लागू देत. त्यांना घाई करायला मी जाणार नाही."

ते आठ दिवस अवघड गेले. सहाव्या दिवशी विनायकराव थोरल्या भावाला भेटून आले. तिथं काय झालं ते घरात कोणालाच सांगितलं नाही. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला, विपुलला नव्हे, थेट उखर्डू पाटलांना. दोन मिनिटांचं बोलणं.

"काय म्हणाले?" विपुलनं विचारलं.

"येत्या गुरुवारी या म्हनाले. दोघंबी या."

"हो म्हणाले का पण?"

"तसं काही म्हनाले नाहीत." उखर्डूंनी फोन खिशात टाकला. "भाऊ येनार नाही म्हनाले. म्हनून मीबी कौतिकमामाले नेत नाही. ते कमी मानसं, आपन कमी मानसं."

धुरपदाबाईंनी पेटीतून दोन लुगडी काढून खाटेवर टाकली आणि कोणतं नेसू, असं विपुलला विचारलं. त्याला त्यातलंही काही सांगता येईना.