लेखी होकार, तोंडी नकार

सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या आमच्या ऑफिसात त्या दिवशी मी पहिल्यांदाच डीब्रीफ चालवणार होते. उमेदवाराच्या सगळ्या मुलाखती झाल्या की मुलाखत घेणारे एकत्र बसतात आणि घ्यायचं की नाही ते ठरवतात, ती ही बैठक. मला सकाळपासून इतका हुरूप होता की कॉफी घ्यायलाही विसरले.

नियम मीच घातले होते. प्रत्येकानं आपलं मत आणि त्यामागचा पुरावा बैठकीआधी लिहून मला पाठवायचा, दुसऱ्याचं न वाचता. बोलताना सर्वांत नवा माणूस आधी आणि सर्वांत ज्येष्ठ शेवटी. मतं मोजून निकाल लावायचा नाही. सगळं ऐकून निर्णय मी घ्यायचा, कारण माणूस माझ्या टीममध्ये येणार होता.

उमेदवार रत्नागिरीकडचा. दहा वर्षं जहाजांवर इंजिनिअर, मग इथेच मशीनच्या बिघाडांचं सॉफ्टवेअर लिहिणारा. त्याची कंपनी गाशा गुंडाळत होती. महिनाअखेर नोकरी संपली की इथं राहण्या-कामाचा पास रद्द, आणि मुलगी इथल्याच हौगांगच्या शाळेत. हे मला ठाऊक होतं, पण खोलीत बोलायचं नव्हतं. गरज म्हणजे पुरावा नव्हे.

माझ्या हातात माझं धरून चार लेखी मतं होती: दोन होकार, दोन नकार. मी खुशीत होते, आता मजा येणार!

टेस्टिंगमधली आमची सर्वांत लहान पोरगी पहिली बोलली. "मलाही वाटतं, नको."

मी कागद पाहिला. तिचा होकार होता, तोही ठणठणीत.

"काल संध्याकाळी तू हो लिहिलंस. मधल्या वेळात नवं काय कळलं?"

तिनं आमच्या ज्येष्ठ आर्किटेक्टकडे पाहिलं. "आज जेवताना सर म्हणाले, टू स्लो लाह, फार संथ आहे. मग मला वाटलं, माझंच चुकलं असेल."

म्हणजे माझे नियम खोलीत कडेकोट, आणि हॉकर सेंटरवर चिकन राइसच्या ताटाशी सगळं मुसळ केरात! मला हसू आलं आणि रागही. आर्किटेक्ट ओशाळला. मी तिला म्हटलं, "मत बाजूला ठेव. काय घडलं ते वाच."

ती वाचू लागली. तिनं त्याला बंद पडणाऱ्या मशीनच्या नोंदी दिल्या होत्या. सगळे सेन्सरवर खापर फोडतात. तो चार मिनिटं गप्प. मग विचारलं, "अलार्म वाजल्यावर तिथे आधी कोण पोचतं, आणि काय दाबतं?" रीसेट दाबलं की खरं कारण नोंदवण्याआधीच पुसलं जात होतं. ते त्यानं शोधलं. या नोंदी आम्ही वर्षभर मुलाखतीत देतोय, पण हे आम्हालाच दिसलं नव्हतं!

पाळी शेवटची असूनही आर्किटेक्ट पुढे सरकला. "माझ्याकडेही तो असाच गप्प होता. मी थांबलो नाही, उत्तर सांगून टाकलं." आमच्या निकषांची यादी त्यानं पुन्हा वाचली. मुळाशी जाणं, समजावून सांगणं, मिळून काम करणं. वेग कुठेच नव्हता. "मी माझं मत बदलतो," तो म्हणाला, "तिच्या उदाहरणामुळे. आता तुझं मत काय? पुरावा?"

मी माझाच कागद उघडून वाचला. नकार होता. 'संवादात कमी पडेल असं वाटतं.' खाली कोरं.

चेन्नईचा आमचा डेव्हलपर हळूच म्हणाला, "माझ्याकडे त्यानं पंपाचा बिघाड चित्र काढून समजावला होता. तीन पायऱ्यांत. मी लिहिलंय."

तेव्हा मला आठवलं. मुलाखत संपताना तो मराठीत म्हणाला होता, "ताई, बरं वाटलं भेटून." मी तोडून इंग्रजीत उत्तर दिलं होतं. आपल्या माणसाला आत घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी त्याला दुसऱ्यापेक्षा कडक फूटपट्टी लावली. लाज वाटली, आणि ती मी त्यांच्यापुढे बोलून दाखवली.

"तो मनिलाचा असता तर?" आर्किटेक्टनं विचारलं.

"हो म्हटलं असतं."

"मग माझा मूळ नकार आणि तुझा, दोन्ही पुराव्याविना."

निर्णय मी दिला: घ्यायचं. पोरगी टाळ्या वाजवायला निघाली आणि थांबली. मी म्हटलं, वाजव!

फोन मीच केला. तो जपून इंग्रजीत बोलू लागला. मी मराठीत म्हटलं, "दादा, तुम्हाला घेतोय. पासचा अर्ज उद्याच टाकतो. मंजुरी सरकारच्या हातात, पण आमच्याकडून उशीर नाही."

पलीकडे शांतता. आदल्या दिवशी मी ती लगेच भरून काढली असती. आता फोन कानाला धरून मी थांबले, आणि बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ताई, बरं वाटलं."