टेप की पेस्ट

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात मी नवा इंजिनिअर होतो. एकदा आमचा फिटर सुट्टीवर असताना दाबाच्या हवेच्या पाइपलाइनचा एक जॉइंट मीच आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला. गळती अजिबात नव्हती, त्यामुळे मी भलताच खूश होतो.

आठवड्याभरात त्याच लाइनवरचा पुढचा छोटा व्हॉल्व्ह अडकू लागला. फिटर परतला होता. तो तमिळ, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णा म्हणायचो. त्याने व्हॉल्व्ह उघडला आणि चिमट्याने टेपची एक बारीक चिंधी बाहेर काढली.

"सर, आट्यांच्या अगदी टोकापर्यंत गुंडाळलीत ना? पहिले दोन आटे मोकळे सोडायचे. नाहीतर टेपचे तुकडे आत जातात."

मी ओशाळलो. त्याने आटे घासून पुसले, टेपऐवजी गळती रोखणारी पेस्ट लावली आणि जॉइंट आवळला. "ही घट्ट व्हायला वेळ लागतो. हवा उद्या सोडा," असं सांगून तो जेवायला गेला.

मला कुठला धीर! तासाभरातच मी हवा सोडली. गळती तपासायला साबणाचं पाणी लावताच जॉइंटवर फेसच फेस. ओली पेस्ट हवेने बाहेर ढकलली होती.

अण्णा परत आला आणि पोट धरून हसला. "टेप लगेच चालते, पण तुम्हाला लावता येत नाही. पेस्ट लावता येईल, पण तुम्हाला थांबता येत नाही!"

मलाही हसू आवरेना. पुन्हा सगळं साफ करून त्या दिवशी पेस्ट मी लावली, आणि हवा सोडायच्या व्हॉल्व्हच्या कुलपाची चावी अण्णाने खिशात घालून घरी नेली.